सात नंबरचं कुलूप

माझी थोरली बहीण चिडली की आवाज चढवत नाही, माउस आपटते. आमच्या गेमिंग सेंटरमध्ये बावीस कॉम्प्युटर आहेत आणि वर्षाकाठी चाळीसेक माउस लागतात. निम्मे गिऱ्हाइकं मोडतात, उरलेले ताई. गिऱ्हाइकांनी तिचं नाव हवालदारीण ठेवलंय आणि ते तिला ठाऊक आहे. ती ऐकूनही न ऐकल्यासारखं करते, म्हणजे बहुधा आवडत असावं.

जागा आमची पहिल्या मजल्यावर, खाली लाँड्री. दिवसभर इस्त्रीची वाफ जिन्यातून वर येते. पूर्वी याच हॉलमध्ये ताई टायपिंग शिकवायची. बारा टाइपरायटर होते. ते अडगळीत गेले तेव्हा तिने कॉम्प्युटर आणले आणि टायपिंगच शिकवत राहिली. मग इंटरनेट आलं, मग फॉर्म भरून द्यायचं काम आलं, ते मोबाइलवर व्हायला लागल्यावर गेम आले. धंदा चार वेळा बदलला, खुर्चीवरची बाई तीच. आजपर्यंत तिने एकही गेम खेळलेला नाही. खेळणं तिला शुद्ध रिकामटेकडेपणा वाटतो. पण मशीन अडलेलं तिला बघवत नाही. भर गर्दीत एखादं अडलं की बाकी सगळं सोडून त्याच्यामागे हात धुऊन लागते. जेवणाचं भान राहत नाही आणि मला काउंटरवर एकटीला सोडलंय याचंही नाही.

मी धाकटी. काउंटर माझा. चिडण्यात मी तिच्यापेक्षा तसूभरही कमी नाही, फक्त मी बोलून टाकते.

आता कुलपाचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्याच्यावरूनच घडलं. गेमिंग सेंटर म्हणजे धर्मशाळा. येईल तो काहीतरी बदलून जातो. कुणी पडद्यावर भलतंच चित्र लावतो, कुणी कुठून तरी व्हायरस घेऊन येतो. म्हणून ताईने बावीसही मशीनवर एक प्रोग्रॅम बसवला. आम्ही त्याला कुलूप म्हणतो. कुलूप लावताना मशीन ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत ते पुन्हा पुन्हा परत येतं. दिवसभर काय वाट्टेल ते करा, मशीन बंद करून चालू केलं की केलेलं सगळं पुसलेलं. ताई या कुलपाच्या प्रेमात होती. कुठलंही मशीन बिघडलं की तिचा एकच मंत्र, बंद करून चालू कर. आणि खरंच बरं व्हायचं. "माणसांना असं कुलूप असतं तर काय पाहिजे होतं," असं ती म्हणायची. कुणाबद्दल म्हणतेय ते मी विचारत नसे.

दर सोमवारी सकाळी, सेंटर उघडायच्या आधी, ती पासवर्ड टाकून बावीस कुलपं काढायची. सगळे अपडेट पूर्ण होऊ द्यायची, एकेका पडद्यासमोर उभं राहून खात्री करायची आणि मग कुलपं परत लावायची. गेम तेवढे दुसऱ्या डिस्कवर होते. तिला कुलूप नव्हतं, नाहीतर रोज साठ-साठ जीबी उतरवत बसावं लागलं असतं.

ताईला एक मुलगी आहे. मेहुणे जहाजावर, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. त्यामुळे पोर ताईने एकटीने वाढवली, आणि वाढवली ती याच हॉलमध्ये, सात नंबरच्या मशीनवर. चिमी आम्ही म्हणतो तिला. पाचाची एक टीम असते तसल्या एका गेममध्ये चिमी फार वर गेली. किती वर ते आम्हा दोघींना कळत नव्हतं, आणि ही आमची चूक. बारावीच्या परीक्षेला आठ दिवस होते आणि पोरगी सात नंबरवर बसून कुठलीशी फायनल खेळत होती. ताईने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. वाकली आणि मशीनची वायर ओढली.

टीम हरली. चिमीची जागा गेली. परीक्षा तिने दिली, उत्तम मार्कांनी पास झाली, दुसऱ्या शहरात फिजिओथेरपीला प्रवेश घेतला, होस्टेलवर गेली आणि आईशी बोलणं टाकलं. तीन वर्षं. बापाशी बोलायची, माझ्याशी वर्षा-सहा महिन्यांनी बोलायची. आईशी नाही. मला दोघींचाही राग होता. एक वायर ओढून मोकळी झाली, दुसरी तीच वायर तीन वर्षं हातात धरून बसली. दोघी एकाच मातीच्या, सांगणार कुणाला.

मग त्या सोमवारी चिमीचा फोन आला. मला. ताई समोर मशीनपाशी उभी होती, बावीसही कुलपं काढलेली आणि अपडेट चालू.

"मावशी, माझ्या लॅपटॉपचा पडदा गेलाय," ती म्हणाली. "शनिवारी चार वाजता मॅच आहे. ही पात्रता फेरी आहे, त्यात लॉगिन झालं नाही तर माझ्या जागी राखीव मुलगी जाणार. तीन वर्षांनी टीममध्ये घेतलंय मला."

"अगं मग तिकडे सेंटर नाहीत का?"

ती म्हणाली, "नवीन मशीनवर लॉगिन केलं की ते कोड पाठवतात. अकाउंट आईच्या मेलवर आहे. तेराव्या वर्षी उघडलं होतं ना, पालकाचा मेल लागतो. बदलायचा म्हटलं तरी आधी त्याच मेलवर कोड जातो."

म्हणजे लेकीला तीन वर्षं आईशिवाय चाललं ते केवळ लॅपटॉपला तिची ओळख लक्षात होती म्हणून. लॅपटॉप गेला आणि गाडी आईच्या दारात आली.

"मी तिकडेच येते. सात नंबर तयार ठेवायला सांग. आणि कोड आला की तू मला आणून दे, मावशी. मला तिच्याकडे मागायला लावू नकोस."

मी फोन ठेवला आणि ताईला म्हटलं, "शनिवारी चिमी येतेय. इथे. खेळायला." कोडचं बोलले नाही.

ताईने बावीसही मशीनची कुलपं पटापट लावली आणि सरळ मागे पाणी प्यायला गेली. पडद्यांसमोर उभी राहिली नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तिने खात्री केली नाही. हे माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही. कुणाच्याच आलं नाही.

मंगळवारपासून रोग सुरू झाला. चिमीचा गेम ज्या लाँचरमधून उघडतो, म्हणजे आधी तो प्रोग्रॅम उघडायचा, त्यात आपलं नाव-पासवर्ड टाकायचा आणि मग तो गेम सुरू करून देतो, तो लाँचर "अपडेट होत आहे" म्हणून अडकायला लागला. पट्टी अर्ध्यावर जायची, थांबायची, मागे यायची आणि पुन्हा अर्ध्यावर. आमच्याकडे तो गेम खेळणारे पाच-सहाच जण. त्यांनी कुरकुर केली. ताईने मंत्र वापरला, बंद करून चालू केलं. तेच. मग तिने शोधून काढलं की लाँचर स्वतःसाठी एक साठवणीचा फोल्डर ठेवतो, त्याला कॅश म्हणतात. उतरवलेले तुकडे त्यात पडलेले असतात, आणि एखादा तुकडा अर्धवट राहिला की लाँचर त्यावरच डोकं आपटत बसतो. लाँचर पूर्ण बंद करायचा, तो फोल्डर रिकामा करायचा, परत उघडायचा. मग अपडेट पहिल्यापासून उतरतं. तसं केलं आणि चाललं.

बुधवारी सकाळी पुन्हा तेच. गुरुवारी पुन्हा. "कंपनीवाल्यांनी काहीतरी घाण करून ठेवलीय," असं म्हणून ताई रोज कॅश साफ करायची आणि माउस आपटायची. त्या आठवड्यात दोन माउस गेले.

शुक्रवारी संध्याकाळी तिने सात नंबर घेतला. कॅश साफ केली, अपडेट पूर्ण होऊ दिलं, लॉगिनचा पडदा येईपर्यंत समोरून हलली नाही. मग कीबोर्ड उलटा करून झटकला, बटणांच्या मधल्या फटी काडीला कापूस लावून पुसल्या. तिथली खुर्ची डावीकडे कलते म्हणून माझी खुर्ची, माझी, काउंटरची, उचलून तिथे नेली. मी म्हटलं, "आणि मी काय टेकू लावून बसू?" ती म्हणाली, "एक दिवस उभी राहा, झिजत नाहीस." मग तिने नेहमीप्रमाणे सगळी मशीन बंद केली, सात नंबरही, आणि आम्ही घरी गेलो.

शनिवारी चिमी अडीचला आली. तीन वर्षांत उंच झाल्यासारखी वाटली, पण बहुधा बारीक झाली होती. पाठीवर सॅक, कानाशी हेडफोन. ताई दोन नंबरच्या मशीनमागे वायरी लावत होती. तिने डोकं वर काढलं आणि म्हणाली, "सात तयार आहे."

इतकंच. तीन वर्षांनी लेकीशी पहिलं वाक्य, सात तयार आहे. मला तिथेच एक ठेवून द्यावीशी वाटली.

चिमीने मान हलवली, जाऊन बसली, मशीन चालू केलं, लाँचर उघडला.

अपडेट होत आहे. पट्टी अर्ध्यावर गेली, थांबली, मागे आली.

चिमीने पाच मिनिटं वाट पाहिली. मग मागे वळून न बघता म्हणाली, "मावशी, हे तयार आहे?"

ताई तीन ढांगांत तिथे. वाकून बघितलं. "काल रात्री झालं होतं पूर्ण," ती म्हणाली आणि हात सवयीने बटणाकडे गेला. मशीन बंद करून चालू केलं. पुन्हा अपडेट, पुन्हा अर्ध्यावर. आणखी एकदा बंद-चालू. पुन्हा तेच. तीन वाजायला पाच कमी.

चिमी उठली. शेजारी आठ नंबरवर एक वेल्डर दर शनिवारी गाड्यांच्या शर्यती खेळतो. त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. तमाशा दिसला की माणसाला शर्यत सुचत नाही.

"पुन्हा तेच केलंस ना?" चिमी आईला म्हणाली.

"काय केलं मी?"

"मागच्या वेळी वायर ओढली होतीस. या वेळी निदान कळू नये असं केलंस. प्रगती आहे."

ताईचा चेहरा मी पाहिला. साठीकडे झुकलेली बाई, पण ते ऐकून शाळेतल्या, चोरीचा आळ आलेल्या मुलीसारखी झाली. आणि पुढच्या क्षणी तिने माउस असा आपटला की त्याचं पोट उघडून आतली चकती घरंगळत वेल्डरच्या पायाशी गेली.

"पाच दिवस," ताई म्हणाली, आवाज खालीच, "पाच दिवस मी या मेल्या लाँचरच्या मागे आहे. काल कापसाने बटणं पुसली. मला अडवायचंच असतं ना तुला, तर तू येण्याआधी मेन स्विच पाडला असता. चोरून करायची माझी जात नाही. वायर ओढली ती तुझ्या तोंडावर ओढली."

"हो, आणि अजून माफी मागितली नाहीस, तीही तोंडावर."

"पास झालीस ना?"

"आई, मी तुला ते विचारलं नव्हतं."

मी मध्ये पडले. "तुमचं पुराण चारनंतर वाचा. आत्ता तीन वाजलेत. ताई, कॅश साफ कर. आणि तू, बस खाली. ही माझी खुर्ची आहे, तिच्यावर निदान कुणीतरी बसा."

ताईने दुसरा माउस लावला. लाँचर नुसता खिडकी मिटून बंद होत नाही, खाली कोपऱ्यात लपून चालूच राहतो. तिने तो तिथून घालवला, लपवलेले फोल्डर दिसतील असं केलं, कॅशचा फोल्डर रिकामा केला, लाँचर उघडला. पट्टी अर्ध्यावर गेली, थांबली नाही, पुढे गेली. पूर्ण. आणि आज पडद्यावर एक नवी पाटीही आली, बदल लागू होण्यासाठी कॉम्प्युटर बंद करून चालू करा.

ताईचा हात बटणाकडे निघाला आणि मध्येच हवेत थांबला. कितीतरी वेळ. मला वाटलं हिला काहीतरी होतंय.

"काल मी हेच केलं," ती म्हणाली.

"मग?"

"काल हेच सगळं केलं आणि मशीन बंद केलं. आणि सात नंबरला कुलूप आहे." ती खाली, त्या फुटक्या माउसशेजारी जमिनीवरच बसली. "अगं, कुलूप आहे त्याला. लाँचर कुलपाच्या डिस्कवर आहे. गेम दुसऱ्या डिस्कवर म्हणून मी धरून चालले की लाँचरही तिकडेच. मी रोज साफ करते आणि रोज बंद करून पुसून टाकते. सोमवारी अपडेट अर्ध्यावर असताना मी कुलूप लावलंय. ते अर्धवटच गोठून बसलंय आत. रोज सकाळी तेच अर्धवट परत येतं."

आणि मला तो सोमवार आठवला. माझा फोन, तिचं पटापट कुलपं लावणं, पाणी प्यायला जाणं. राग यायला समोर कुणी उरलं नाही म्हणून मला स्वतःचा आला.

"पंधरा वर्षं लोकांना सांगत आलेय," ताई म्हणाली. "बंद करून चालू कर, बरं होईल. मीच मूर्ख."

चिमी हे सगळं ऐकत होती. तिला सेंटरचं कुलूप माहीत होतं, वाढलीच होती त्याच्यात. ती मऊ झाली असं लिहायला मला आवडलं असतं. ती म्हणाली, "मग कुलूप काढ. तीन दहा झालेत."

ताई उठली. पासवर्ड टाकून कुलूप काढलं. त्यासाठी मशीन एकदा बंद-चालू व्हावं लागतं, झालं, आणि अर्थातच ते सोमवारचं अर्धवट अपडेट घेऊन परत आलं. आता मात्र केलेलं टिकणार होतं. पुन्हा लाँचर घालवला, पुन्हा कॅश साफ, पुन्हा अपडेट पहिल्यापासून. पूर्ण झालं. बंद-चालू केलं. आम्ही तिघी, आणि वेल्डर, पडद्याकडे बघत उभे. लाँचर उघडला, पट्टी आलीच नाही, सरळ लॉगिनचा पडदा. तीन पंचवीस.

चिमीने नाव टाकलं, पासवर्ड टाकला. नाकारलं. पुन्हा टाकला. मग पाटी आली, हा कॉम्प्युटर ओळखीचा नाही, तुमच्या मेलवर सहा आकडी कोड पाठवला आहे, दहा मिनिटांत टाका.

ताईच्या खिशात मोबाइल वाजला.

चिमीने माझ्याकडे पाहिलं. मी ताईकडे. ताईने मोबाइल काढला, वाचलं आणि तिला सगळं समजलं. बाईला गेम कळत नाहीत, पण मशीनचं कारण लगेच कळतं.

"म्हणून आलीस होय," ती म्हणाली.

मोबाइल तिच्या हातात होता आणि पडद्यावर मिनिटं उलटी चालली होती, नऊ, आठ. तिने फक्त तो खिशात परत टाकला असता तरी पुरलं असतं. वाकायचीही गरज नव्हती. चिमी ताठ बसून होती, ओठ घट्ट मिटलेले, आईकडे मागणार नाही म्हणजे नाही. मी हात पुढे केला. "ताई, दे इकडे."

ताईने मोबाइल माझ्या हातात नाही दिला. चिमीच्या समोर, कीबोर्डवर ठेवला. "तूच बघ," म्हणाली. "मला चष्म्याशिवाय आकडे दिसत नाहीत." चष्मा तिच्या डोक्यावर होता.

चिमीने कोड टाकला. लॉगिन झालं. पण लाँचरला गेमची यादी रिकामी दिसत होती. कॅश साफ केल्यावर त्याला आपला गेम कुठे ठेवलाय हेच आठवत नव्हतं. ताईने त्याला दुसऱ्या डिस्कवरचा फोल्डर दाखवला आणि रिपेअर दाबलं. रिपेअर म्हणजे पुन्हा उतरवणं नव्हे. लाँचर एकेक फाइल तपासत जातो, बिघडलेली किंवा हरवलेली तेवढीच आणतो. "पंधरा मिनिटं लागतील," ताई म्हणाली. "दाबाबिबायचं नाही काही."

त्या पंधरा मिनिटांत करण्यासारखं काही नव्हतं, आणि चिमीचा अंगठा अजून आईच्या मोबाइलवर होता. मेलची यादी उघडी होती. शेजारी एक फोल्डर, नाव चिमी. तिने तो उघडला.

आत एकशे चाळीस-पन्नास मेल. सगळे लाँचरवाल्यांचे, दर रविवारचे. तुमच्या पाल्याने या आठवड्यात अकरा तास खेळलं. तुमच्या पाल्याने या आठवड्यात सात तास खेळलं. पालक म्हणून लावलेला तो अहवाल कुणी बंदच केला नव्हता. सगळे उघडलेले, वाचलेले.

चिमीचे कान लाल झाले. "तीन वर्षं तू माझ्यावर नजर ठेवून आहेस?"

"ते आपोआप येतात."

"आणि तू ते आपोआप फोल्डरमध्ये ठेवतेस? आई, मी एकवीस वर्षांची आहे. पाल्य. माझे तास मोजतेस तू अजून?"

"मोजते," ताई म्हणाली, आणि आता पहिल्यांदा तिचा आवाज चढला. मी आयुष्यात तीन-चारदाच ऐकलाय. "मोजते. दुसरं काय दिलंस मला मोजायला? गेल्या पावसाळ्यात दोन रविवार शून्य आलं. शून्य तास. मी तुझ्या होस्टेलला फोन केला, रेक्टर म्हणाली कावीळ झालीय, घरी कळवलंय. कुणाच्या घरी? बापाला कळवलंस. जहाजावर. मी तुझ्या होस्टेलच्या फाटकापर्यंत येऊन उभी राहिले आणि परत गेले, कारण आत आले तर तू तोंड फिरवशील आणि आजारपणात तेवढा त्रास कशाला. तिसऱ्या रविवारी दोन तास आले. तेव्हा जेवले मी. बस, ठेवते नजर, पोलिसात दे."

हॉलमधले सगळे हेडफोन खाली आले होते. मलाही हे माहीत नव्हतं. त्या दोन आठवड्यांत ताईने मला सांगितलं होतं की तिचं पोट बिघडलंय, आणि मी तिला ताक पाजत होते. मला तिचा एवढा राग आला की डोळे भरून आले.

चिमीने मोबाइल उलटा करून ठेवला. मग म्हणाली, "फाटकापर्यंत आली होतीस तर फोन करायचा."

"तू उचलला असतास?"

"नसता," चिमी म्हणाली. "पण करायचा."

रिपेअर संपलं तीन बावन्नला. चिमीने हेडफोन लावले, टीमला आवाज दिला, हजेरी नोंदवली. ताई तिच्या मागे जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली, बरोबर तिथे जिथून सात नंबरची वायर बोर्डात जाते, आणि मॅचभर तिथून हलली नाही. कुणाचा पाय लागू नये म्हणून. दीड तास. मध्ये वेल्डर बाथरूमला निघाला, त्याला तिने लांबच्या बाजूने जायला लावलं.

जिंकले की नाही ते विचाराल. हरले, थोडक्यात. पण पात्रता तीन सामन्यांची होती आणि चिमी टीममध्ये राहिली. उरलेले सामने पुढच्या शनिवारी, तोवर लॅपटॉपचा पडदा बसवून होणार होता.

हेडफोन काढून चिमी तशीच बसून राहिली. मग लाँचरमध्ये अकाउंटची पानं उघडली आणि मागे न बघता म्हणाली, "मेल बदलते आहे. माझा टाकते."

मी म्हणणार होते, आजच कशाला, जाऊ दे ना. ताईने मला हाताने गप्प केलं.

"त्यासाठी जुन्या मेलवर कोड जातो," चिमी म्हणाली. "आई, कोड सांग."

मागितला तिने. तीन वर्षांत पहिली गोष्ट आईकडे मागितली ती ही.

मोबाइल वाजला. ताईने चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला. हा कोड दिला की रविवारचे मेल बंद, हे तिला माझ्याइतकंच कळत होतं. तिने टायपिंगच्या वर्गात सांगायची तसा, एकेक आकडा सुटा, सावकाश सांगितला. चार. शून्य. नऊ. नऊ. दोन. सहा. आणि सवयीने शेवटी म्हणाली, "परत वाचून दाखव." चिमीने वाचून दाखवला. बरोबर होता. चिमीने बटण दाबलं.

ती सहाच्या गाडीने गेली. नमस्कार-बिमस्कार काही झालं नाही, जिन्यात दोघी काहीतरी बोलल्या, ते खालच्या इस्त्रीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारपासून ताई मोबाइल काढून बघायची आणि परत खिशात घालायची. मेल येणार नाही हे ठाऊक असून बघायची. एका गिऱ्हाइकावर उगाच ओरडली. मी म्हटलं, "दिलास ना कोड स्वतःच्या तोंडाने, मग आता माझं डोकं का खातेस?" तिने माउस उचलला, मग खाली ठेवला.

पाचच्या सुमारास मोबाइल वाजला. मेल नव्हता, मेसेज होता. चिमीच्या नंबरवरून, तीन वर्षांत पहिला. तिने मला दाखवला.

"या आठवड्यात चार तास. लॅपटॉप बंद होता म्हणून. तब्येत बरी आहे."

ताईने उत्तर लिहायला घेतलं. लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या बाईला पाच मिनिटं लागली. शेवटी पाठवलं ते मी तिच्या खांद्यावरून वाचलं.

"वायर ओढायला नको होती."

मग तिने मोबाइल खिशात टाकला आणि माझी खुर्ची सात नंबरवरून ओढत काउंटरकडे आणली. "उद्या सोमवार," म्हणाली. "बावीसही मशीन पूर्ण झाल्याशिवाय कुलूप लावायचं नाही. आणि त्या वेळात फोन आला तर तू बाहेर जाऊन बोल."